हेलसिंकीतला पहिला हिवाळा: बुटाखाली खिळे कुठले लावायचे, कसे लावायचे आणि कधी काढायचे

इकडे नवीन आलेल्या जवळपास प्रत्येकाला वाटतं की उणे वीस झालं की रस्ता सगळ्यात जास्त घसरडा होणार, मीपण पहिल्या नोव्हेंबरमध्ये तसंच धरून चाललेलो. प्रत्यक्षात उलटं आहे. उणे पंधरा-वीसला बर्फ कोरडा आणि करकरीत असतो, त्यावर चांगल्या सोलचा बूट बऱ्यापैकी धरतो. खरा धोका पारा शून्याच्या आसपास खेळतो तेव्हा. दिवसा थोडं वितळतं, रात्री परत गोठतं, सकाळी त्यावर बारीक पाऊस पडतो, आणि मग बर्फावर पाण्याचा पातळ थर राहतो. त्या पाण्यामुळे बुटाचं रबर बर्फाला टेकतच नाही, कितीही महाग विंटर बूट असला तरी. हेलसिंकी आणि एस्पो समुद्राकाठी आहेत म्हणून असे दिवस इथे हिवाळाभर परत परत येतात. फिन लोकांनी अशा हवेला शब्दच ठेवलाय, पॅआकाल्लोकेली, म्हणजे कवटीची हवा. हवामान खातं पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा इशारा देतं, त्यात 'अतिशय घसरडं' असं आलं की त्या दिवशी पायात काय आहे ते बघूनच घराबाहेर पडायचं.

आपण कोकणात किंवा घाटावर पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर चालत मोठे झालेलो, त्यामुळे वाटतं की घसरड्यावर चालायची सवय आहे. पण तिथे आपण अनवाणी किंवा चपलेत असतो, बोटांनी जमीन धरतो. इथे पाय जाड बुटात बंद, बोटांचा काही उपयोग नाही, धरायचं काम खिळ्यांनीच करायचं.

खिळे कसं काम करतात, तेवढं आधी

बुटाचा सपाट सोल अंगाचं वजन मोठ्या जागेवर पसरवतो, त्यामुळे बर्फात काहीच रुतत नाही. खिळा तेच वजन एका टोकावर आणतो, ते टोक पाण्याच्या थरातून खाली जाऊन बर्फात रुततं आणि पाय थांबतो. एवढंच. पण यातूनच पुढचं सगळं कळतं. टोक बोथट झालं की उपयोग संपला. आणि जिथे बर्फच नाही, दगड किंवा टाइल आहे, तिथे टोक रुतणार नाही, उलट तेवढ्याशा धातूवर आपण उभे राहू आणि बुटापेक्षा जास्त घसरू.

दुसरी गोष्ट, आपण घसरतो कुठे? चालताना टाच आधी टेकते, आणि बहुतेक वेळा टेकलेली टाच पुढे सटकते, म्हणून माणूस मागे आपटतो, मग हात मागे टेकवायला जातो आणि मनगट मोडतं. चवड्यावरची घसरण मागच्या पायाने रेटताना होते, त्यात पाय मागे जातो पण तोल सावरायला जरा वेळ मिळतो. म्हणून विकत घेताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो की टाचेखाली खिळे आहेत का. दुकानात फक्त चवड्याला लावायचे पट्टे मिळतात, स्वस्त आणि चढवायला सोपे असतात, पण त्यात टाच मोकळी राहते, मी तरी ते कोणाला सुचवणार नाही.

काय काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यायचं

दुकानाच्या साइटवर liukuesteet असं टाइप केलं की सगळे प्रकार दिसतात, आणि nastakengät टाइप केलं की कायमचे खिळे असलेले बूट. मोठ्या सुपरमार्केटमध्ये, खेळाच्या दुकानात मिळतातच, औषधांच्या दुकानातही मिळतात, आणि औषधवाल्यांकडे वयस्कर माणसांसाठीचे सोपे प्रकार बहुतेक असतात.

पहिला प्रकार, आणि रोजच्या फुटपाथसाठी मला योग्य वाटणारा, म्हणजे पूर्ण पायाचा रबरी पट्टा, बुटावर ताणून चढवायचा, खाली टाचेपाशी आणि चवड्यापाशी छोटे खिळे. खिळे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर बाहेर असतात. फुटपाथ कधीच सलग बर्फाचा नसतो, थोडा बर्फ, थोडं डांबर, मध्ये खडी, परत बर्फ, आणि एवढे बुटके खिळे असले की डांबरावरूनही चालता येतं. घेताना खिळ्याच्या टोकाकडे नीट बघा. चांगल्या खिळ्यात मध्ये वेगळ्या, गडद रंगाच्या धातूची टीप बसवलेली दिसते, ती कार्बाइडची असते, खडी आणि डांबरावर झिजायला खूप वेळ घेते. सगळा खिळा एकाच साध्या स्टीलचा असेल तर तो त्याच हिवाळ्यात गोल होऊन जातो, विशेषतः खडी टाकलेल्या रस्त्यावर.

दुसरा प्रकार स्प्रिंगचा. रबराच्या जाळीवर तारेची गुंडाळी असते. दाबून बसलेल्या बर्फावर छान चालतो, पण ओल्या काचेसारख्या बर्फावर गोल तार रुतत नाही, म्हणजे ज्या दिवसासाठी आपण हे घेतोय त्याच दिवशी तो कमी पडतो. तिसरा साखळी आणि दातांचा, दात जवळपास सेंटिमीटरभर लांब, तो जंगलातल्या वाटांसाठी आणि चढासाठी. शहरात डांबर आलं की त्या दातांवर माणूस डगमगतो, घोटा मुरगळायला तेवढं पुरे.

चौथा म्हणजे फक्त टाचेचा पट्टा, मागून अडकवायचा आणि वेलक्रोने बांधायचा. पूर्ण पट्टा ताणायला हातात जोर लागतो, तो ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी हा चांगला. माझी आई जानेवारीत दोन महिने आली होती, तिच्या बोटांना संधिवात आहे, पूर्ण पट्टा तिला एकटीला चढतच नव्हता, आणि जो चढत नाही तो वापरला जात नाही. टाचेचा प्रकार आणि खाली काढता-घालता येणारं टोक असलेली काठी एवढ्यावर ती रोज लायब्ररीपर्यंत जाऊन यायची. काठीचं टोक मात्र आत शिरताना दुमडायला विसरू नका.

आणि मग खिळ्यांचे ओव्हरशू, म्हणजे आख्ख्या बुटावरून घालायचं रबरी आवरण, तळाला खिळे. ऑफिसचे लेदर शूज घालून जाणाऱ्यांना हे उपयोगी, कारण बूट मीठ आणि चिखलापासूनही वाचतात आणि आवरण निसटायची भीती कमी. जड असतात आणि बॅगेत जागा खातात, तेवढा तोटा.

कायमचे खिळे असलेले बूट वापरायला सगळ्यात सुखाचे, पाय आत घातला की काम झालं. पण रोज मेट्रो, मॉल, ऑफिस असं असेल तर प्रत्येक दारात अडचण. काही बुटांत खिळ्यांची पट्टी उलटी फिरवून आत घेता येते, तसे मिळाले आणि बजेट असेल तर बघा. पहिल्या वर्षी मी तरी आधी पट्टाच घ्या म्हणेन, साधारण पंधरा ते चाळीस युरोत चांगला येतो, खिळ्यांच्या बुटांना शंभराच्या पुढे जावं लागतं.

साइज: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

पाकिटावर ३९ ते ४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आपण आपल्या पायाचा नंबर बघून घेतो. पण पट्टा पायावर नाही, बुटावर बसतो, आणि विंटर बूट बाहेरून खूप जाड असतात. ४१ नंबरचा विंटर बूट बाहेरून ४१ च्या स्पोर्ट्स शूपेक्षा चांगलाच मोठा असतो. त्यामुळे जो बूट रोज घालणार तो पायात घालूनच दुकानात जा, किंवा बूट पिशवीत घेऊन जा, आणि तिथेच चढवून बघायला विचारा.

नीट बसला का ते असं ओळखा. चढवल्यावर बूट उलटा करून बघा, टाचेचे खिळे टाचेच्या मध्यावर यायला हवेत आणि पुढचे चवड्याच्या सगळ्यात रुंद भागाखाली. खिळे पायाच्या कमानीखाली सरकले असतील तर साइज मोठी, कारण कमान जमिनीला टेकतच नाही आणि ते खिळे फुकट. रबर इतकं ताणलं गेलं असेल की भोकांपाशी पांढरं पडतंय, तर साइज लहान, थंडीत रबर अजून ताठ होतं आणि बरोबर तिथूनच फाटतं. मग मागचा कान धरून पट्टा डावी-उजवीकडे ओढून बघा, बोटभर हलला तर तो भुसभुशीत बर्फात निसटणार. माझा पहिला पट्टा असाच एका संध्याकाळी बस स्टॉपच्या ढिगाऱ्यात राहून गेला, घरी आल्यावर कळलं की एका पायाला काहीच नाही. तेव्हापासून मी वरून एक वेलक्रोची पट्टी असलेलाच घेतो, आणि बाहेर पडल्यावर दहा मिनिटांनी एकदा खाली बघतो.

चढवायचं कसं

घरी, उबेत, बसून. थंड रबर कडक होतं, जिन्यात वाकून ओढत बसलात तर हात दुखतात आणि पट्टा तिरका बसतो. रात्री तो दाराजवळ आतल्या बाजूला ठेवा, कारच्या डिकीत किंवा बाल्कनीत नको.

खुर्चीवर बसा, बूट घाला. पट्ट्याचा पुढचा भाग बुटाच्या टोकावर अडकवा आणि तो तिथेच राहील असा एका हाताने धरा. दुसऱ्या हाताने मागचा कान धरून टाचेवरून वर ओढा, जोर मागे आणि मग वर, सरळ वर नाही. मग बाजूच्या कडा बोटाने सगळीकडून सारख्या करा, कारण एक बाजू सोलखाली दुमडलेली राहिली की चार पावलांत पट्टा फिरतो. पहिल्यांदा करत असाल तर बूट पायात न घालता मांडीवर घेऊन एकदा चढवून बघा, खिळे कुठे येतात ते डोळ्यांनी दिसतं. घरात लाकडी फ्लोअर असेल तर जाड पायपुसण्यावरच उभं राहा, भाड्याच्या घरात खिळ्यांचे ओरखडे डिपॉझिटमधून जातात.

एका सकाळचा हिशोब

गेल्या जानेवारीतला एक मंगळवार सांगतो, म्हणजे सगळं एकत्र कळेल. आदल्या दिवशी उणे चार, रात्री पाऊस, सकाळी सात वाजता अधिक एक, बाहेर पूर्ण अंधार. माझं घर एस्पोत मातिंक्युलाला, मेट्रो स्टेशन साधारण नऊशे मीटर, एरवी दहा-बारा मिनिटं. त्या दिवशी मी वीस मिनिटं धरली, कारण घाईत पाऊल आपोआप लांब पडतं आणि लांब पावलात टाच तिरकी टेकते.

दाराबाहेर अंगणात खडी टाकलेली होती, पण ती आदल्या आठवड्याची. वितळून परत गोठल्यावर खडी बर्फाच्या आत जाते, वरून दिसते पण पायाला लागत नाही, नवीन माणूस ती बघून निर्धास्त होतो. बुटाच्या कडेने खरवडून बघायचं, खडे हलले तर ठीक, नाही हलले तर तो काचेचाच बर्फ समजायचा. त्या दिवशी एकही खडा हलला नाही.

पुढे वाट जरा उताराची. उतारावर मी गुडघे थोडे सैल ठेवतो, पावलं निम्मी करतो आणि पूर्ण तळवा एकदम टेकवतो, टाच आधी नाही, आणि अंगाचं वजन पुढच्या पायावर आल्याशिवाय मागचा उचलत नाही. पहिली दोन मिनिटं विचित्र वाटतं, मग जमतं. हात खिशाबाहेर, हातमोजे घालून. खिळे आहेत म्हणून नेहमीसारखं ताडताड चालायचं नाही, ते घसरण थांबवतात, पण तिरक्या टेकलेल्या टाचेखालचे एक-दोनच खिळे बर्फाला लागतात.

मग रस्ता क्रॉस करताना झेब्रा क्रॉसिंग. पांढरे पट्टे ओले असले की डांबरापेक्षा जास्त घसरडे, आणि गाड्यांच्या चाकांनी तिथला बर्फ पॉलिश झालेला असतो. मी पट्ट्यांच्या मधल्या काळ्या भागावर पाय टाकतो. गटाराच्या लोखंडी झाकणांवर तर खिळ्यांसकट अजिबात नाही, लोखंडावर खिळा म्हणजे बर्फावर बूट.

स्टेशनच्या दारात थांबलो, कडेला बाकावर बसून दोन्ही पट्टे काढले. यात मी कधीच सूट घेत नाही. स्टेशनमध्ये गुळगुळीत फरशी, त्यावर सगळ्यांच्या बुटांचं वितळलेलं पाणी, पुढे सरकता जिना ज्याच्या धातूच्या खाचांत खिळा अडकू शकतो. माझा पुण्याचा एक मित्र अख्खा डिसेंबर बर्फावर एकदाही पडला नाही आणि एका दुकानाच्या दारात आत पाऊल टाकताक्षणी टाइलवर पडला, पायात खिळे होते, मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. 'दोन मिनिटांचं तर काम आहे' म्हणून त्याने काढले नव्हते. काढायला वीस सेकंद लागतात, टाचेचा कान खाली ओढला की पट्टा सुटतो. ओले पट्टे ठेवायला मी एक जाड झिपची पिशवी बॅगेत ठेवतो, नाहीतर खिळे लॅपटॉपच्या कव्हरला घासतात.

काम्पीला उतरून ऑफिस जर आलेक्सान्तेरिनकातूकडे असेल तर तिथले फुटपाथ खालून गरम केलेले आहेत, बर्फ राहत नाही, परत पट्टे चढवायची गरज नाही. पण एक गल्ली आत वळलात की परिस्थिती बदलते, म्हणून पिशवी बॅगेतच असू दे.

संध्याकाळी परत येताना पारा उणे दोन झालेला आणि वर बोटभर ताजा बर्फ पडलेला. हे सकाळपेक्षा वाईट. सकाळी चकाकणारा बर्फ निदान दिसत होता, आता तोच पांढऱ्या मऊ थराखाली लपलेला, आणि दिसायला रस्ता अगदी सुरक्षित. अशा वेळी सकाळी तिथे काय होतं ते आठवून चालायचं. भुसभुशीत बर्फ खिळ्यांमध्ये दाबून बसतो आणि गोळा तयार होतो, मग खिळे बाहेर राहतच नाहीत. चालताना बुटाखाली उंचवटा जाणवला की समजायचं गोळा झालाय, एखाद्या कठड्यावर पाय आपटून तो पाडायचा.

देखभाल

घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा, काही रस्त्यांवर मीठ टाकतात, ते धातू खातं. रेडिएटरवर वाळवू नका, रबर ठिसूळ होतं, साधं टांगून ठेवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक खिळ्यावरून अंगठा फिरवा. टोक बोचायला हवं. गुळगुळीत गोल लागलं किंवा खिळा रबराच्या पातळीत आत गेलेला असेल तर तो गेला. एखादा खिळा टाचेखालून पडला असेल तर तो पट्टा मी फेकतो, चवड्यातला एक पडला तर तो हंगाम काढतो. भोकांच्या कडेला केसाएवढी चीर दिसली तर नवीन घ्या, ती नेमकी उणे दहाला, रस्त्याच्या मध्यावर फाटते. इथे काही चांभार साध्या बुटाच्या सोललाही खिळे बसवून देतात, सोल जाड असेल तर विचारून बघायला हरकत नाही.

तरीही पडलात तर

पडतोय हे कळलं की हात मागे टेकवायचा मोह होतो, तो टाळून हनुवटी छातीला लावा आणि कुशीवर पडा, डोकं वाचवणं पहिलं. लगेच उठू नका, आधी मनगट आणि कंबर हलवून बघा. डोकं आपटलं असेल आणि गरगरतंय, उलटी होतेय, किंवा पायावर भार देता येत नाही असं असेल तर ११२. तेवढं गंभीर नाही पण डॉक्टर हवाय असं वाटलं तर थेट इमर्जन्सीला जायच्या आधी ११६११७ वर फोन करा, ते कुठे जायचं ते सांगतात. आणि एक गोष्ट नवीन लोकांना कोणी सांगत नाही: घर ते ऑफिस या वाटेवर पडलात तर तो कामाच्या वाटेवरचा अपघात धरला जातो आणि कंपनीच्या अपघात विम्यात येतो. म्हणून वेळ, जागा, आणि कुठल्या रस्त्याने जात होतात हे लिहून ठेवा, जागेचा फोटो काढा, त्याच दिवशी मॅनेजरला मेल करा, आणि डॉक्टरलाही सांगा की ऑफिसला जाताना पडलो.

पट्टे ऑक्टोबरच्या शेवटीच घेऊन ठेवा. पहिल्या घसरड्या सकाळनंतर दुकानात गेलात तर मधल्या साइज संपलेल्या असतात, आणि मग माणूस एक नंबर मोठा घेऊन येतो. मार्चमध्ये ऊन आलं म्हणून ते माळ्यावर टाकू नका, दुपारी रस्ते ओले आणि सकाळी सात वाजता परत काच, हे एप्रिलपर्यंत चालू शकतं.